शब्द तेच, तोंड वेगळे

झाशी–कानपूर रस्त्यावरील मोठ हे बुंदेलखंडातील तहसिलीचे गाव. त्या परिसरातील एका लग्नात मी वरपक्षाच्या पंगतीत बसलो होतो. पाने वाढून झाली आणि आतल्या अंगणातून वधूपक्षाच्या बायकांनी ‘गारी’ सुरू केली. गारी म्हणजे शिव्यांचे गाणे. नवरदेवाचा बाप चोर, आई कुणाबरोबर तरी पळालेली, मामा खादाड, अशा आरोपांत नावे गुंफली जातात. ती चुकू नयेत म्हणून आधीच विचारून घेतलेली असतात. व्याही हसत होते. शेवटी त्यांनी गाणाऱ्या बायकांना ‘नेग’, म्हणजे मानाचे पैसे, पाठवले. गारी झालीच नसती तर वऱ्हाड रुसले असते.

हेच शब्द दुसऱ्या दिवशी बाजारात एखाद्या शेजाऱ्याने उच्चारले असते, तर हाणामारी झाली असती. वरपक्षाच्या पुरुषांनी ते वधूच्या आईला ऐकवले असते, तर लग्नघरातून आनंदच निघून गेला असता. शब्दांत काही फरक नाही. मग विनोदाचा अपमान कशाने होतो?

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर लिहिले होते. काही नात्यांत एकाला चेष्टा करण्याची मुभा असते आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घ्यायची नसते. सोयरिकीने दोन घराणी जोडली जातात, तरी त्यांचे हितसंबंध वेगळेच राहतात. तो ताण थट्टेत मोकळा होतो. बुंदेलखंडात आणखी एक गोष्ट दिसते. तेथे मुलीकडच्यांनी वाकायचे असते. गारीच्या त्या घटकेपुरता हा क्रम उलटतो आणि खालचा वरच्याला बोलतो. तीच थट्टा वरून खाली आली, तर ती फक्त आधीचाच क्रम पुन्हा बजावते.

आपला कायदाही एका ठिकाणी हे ओळखतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमाची सुरुवातच ‘अनुसूचित जाती वा जमातीचा सदस्य नसलेली’ व्यक्ती अशी आहे. अशा व्यक्तीने लोकांच्या नजरेसमोर जातीचे नाव घेऊन शिवी दिली, तर तो गुन्हा ठरतो. दोन दलित मित्र आपसांत तोच शब्द हसत वापरतात, तेव्हा हे कलम लागू होत नाही. म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारे कोण, या दोन्ही गोष्टी गुन्ह्याच्या व्याख्येतच आहेत. 2020 मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बाहेरचे कोणी हजर नसताना चार भिंतींच्या आत झालेले बोलणे ‘लोकांच्या नजरेसमोर’ ठरत नाही. भारतीय न्याय संहितेतील समाजासमाजांत वैर वाढवण्याविषयीचे कलम मात्र ‘जो कोणी’ म्हणते. वक्त्याच्या स्थानाचा उल्लेख त्यात नाही.

पण जन्माने मिळालेला परवाना सर्वांना पुरत नाही. खुशवंतसिंग आयुष्यभर सरदारजींचे विनोद सांगत आले आणि ते शीख असल्याने बहुतेकांनी ते हसून घेतले. तेच विनोद बिगरशिखांच्या तोंडून शाळा-कार्यालयांत शीख मुलामाणसांच्या वाट्याला आले. 2015 मध्ये एका शीख महिला वकिलाने त्यांवर बंदी मागितली. नागरिकांच्या वागणुकीसाठी नैतिक नियम घालून देणे आपले काम नाही, असे न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण बंदी शब्दांवर आली असती आणि खुशवंतसिंगांचे पुस्तकही तिच्यात सापडले असते. मात्र त्या वकिलाची वेदना खोटी ठरत नाही. परवान्याची दुसरी मर्यादा नात्याच्या आतच आहे. होळीत दीर-भावजयीच्या थट्टेला मान्यता आहे. परंतु भावजय नको म्हणत असताना चाललेली ‘थट्टा’ म्हणजे त्रास होय. जिला उलट बोलता येत नाही किंवा उठून जाता येत नाही, तिच्यासाठी तो विनोद नव्हे.

म्हणून तक्रार नोंदवताना पोलिसांनी केवळ वाक्य उतरवून घेणे अपुरे आहे. कोणी, कोणाला, कोणासमोर म्हटले आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची मोकळीक होती का, हेही विचारले पाहिजे. सत्ताधाऱ्याला टोमणा मारणारा विनोदकार आणि दुर्बलाची टर उडवणारा विनोदकार यांतला फरक या प्रश्नांनीच कळतो. भ्रमणध्वनीवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत नेमके हेच तपशील गळून पडतात, आणि मग प्रत्येक प्रेक्षक स्वतःला पंगतीतला व्याही समजतो किंवा बाजारातला अपमानित माणूस.

मोठच्या त्या अंगणात एका तरुणाने गारी टिपण्यासाठी मोबाइल वर धरला, तेव्हा एका वृद्धेने गाणे थांबवून त्याला तो खिशात ठेवायला लावला. नंतर तिने त्याच्याच बापाचे नाव घालून पुढचे कडवे म्हटले.