शीर्षक आम्हालाही वाचता येतं

पीएचडीच्या खुल्या व्हायवाला बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो की पहिली दोन मिनिटं कानावर काय पडणार, हे मला गाडीतून उतरतानाच ठाऊक असतं. ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ इथून सुरुवात. मग गाईड, विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि आईवडील यांचे ऋण. मग पडद्यावर दिसत असलेलं तीन ओळींचं शीर्षक मोठ्यानं वाचणं. आणि शेवटी ‘पहिल्या प्रकरणात प्रस्तावना, दुसऱ्यात पूर्वसाहित्याचा आढावा’. बाबा रे, प्रबंध मी वाचलाय. वाचून लेखी अहवाल पाठवला, तो अनुकूल होता, म्हणून तर तू आज इथे उभा आहेस. मला अनुक्रमणिका ऐकवतोस म्हणजे मी पुस्तक उघडलंच नसावं असा तुला संशय आहे. (काही परीक्षकांबाबत तो रास्तही असतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

शांतपणे बोललं तर दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे शब्द मावतात. हाताने लिहिलेलं एक पान. त्यात प्रश्न, तो कसा तपासला, उत्तर काय आलं आणि ते कुठवर खरं, एवढंच बसतं. बसायलाही तेवढंच हवं.

उदाहरण घेऊ. गाव आणि आकडे मी कल्पिलेले आहेत, पण या जातीचे प्रबंध आपल्याकडे भरपूर होतात. विषय आहे पाणलोट कामांचा भूजलावरचा परिणाम. अशा विषयावरचं नेहमीचं निवेदन ‘पाणी हे जीवन आहे’ इथे सुरू होतं आणि ‘पातळीत लक्षणीय वाढ आढळली’ इथे संपतं. आता हे ऐका:

‘माझा प्रश्न एकच होता. बंधारे आणि समतल चर झाल्यावर या गावच्या विहिरींचं पाणी वाढलं, ते कामांमुळे की पावसामुळे? नुसती कामाआधीची आणि नंतरची पातळी ताडून पाहिली, तर पाऊस वेगळा काढता येत नाही. म्हणून मी त्याच पर्जन्यपट्ट्यातलं, तशाच बेसाल्टवर वसलेलं, पण काम न झालेलं शेजारचं गाव घेतलं. दोन्हीकडच्या विहिरी कामांआधीच्या आणि नंतरच्या मे महिन्यात, म्हणजे पाणी सर्वांत खोल गेलेलं असताना, मोजल्या. काम झालेल्या गावात पाणी सरासरी 1.4 मीटर वर आलं. शेजारीही 0.9 मीटर वर आलं. म्हणून कामांच्या नावावर मी फक्त अर्धा मीटर मांडतो. हाही आकडा कच्चा असू शकतो, कारण बोअरचा उपसा मला मोजता आला नाही. मधल्या काळात शेजारच्या गावात तो जास्त वाढला असेल, तर कामांचा खरा वाटा अर्ध्या मीटरहून कमी ठरेल.’

हे शंभरच्या थोडे वर शब्द झाले. उरलेल्या मिनिटात दोन्ही गावं सारखी कशावरून, ते सांगावं: विहिरींची खोली, मुरमाचा थर, ऊस किती. परीक्षक पहिला वार तिथेच करतो.

या निवेदनात 1.4 हा आकडा लपवलेला नाही, पण मिरवलेलाही नाही. मिरवला असता तर सभागृहात टाळ्या पडल्या असत्या आणि पुढच्या मिनिटाला मी विचारलं असतं, ‘शेजारच्या गावचं काय?’ मग चाचरणं, पाण्याची बाटली, स्लाइड मागेपुढे.

शांतपणाचं तर आपल्याकडे निराळंच खूळ. योगासनं करा, आरशासमोर उभे राहा, खोल श्वास घ्या. श्वास जरूर घ्या, पण उमेदवाराचा आवाज कापतो तो बहुधा आपल्या दाव्यातली फट त्याला माहीत असते आणि ती कुणी पाहू नये म्हणून तो धडपडत असतो तेव्हा. फट स्वतः दाखवली की घाई करायचं कारणच उरत नाही. पहिलं वाक्य पाठ असावं, दोन्ही आकडे कागदावर असावेत, बाकीचं परीक्षकांकडे बघून बोलावं. पाठ केलेलं सबंध भाषण ओळखू येतं. मधेच कुणी एक शंका विचारली की उमेदवाराला पुन्हा पहिल्या ओळीपासून गाडी काढावी लागते.

माझा खरा राग मात्र गाईडवर आहे. आदल्या रात्री ते फोन करून बजावतात, ‘मर्यादा स्वतःहून सांगू नकोस, परीक्षक पकडतील.’ पकडणारच. तुमचा उपसा मोजलाय का, एवढं विचारायला मला दहा सेकंद पुरतात. उत्तर द्यायला पोराला दहा मिनिटं पुरत नाहीत, आणि तो सल्ला देणारे गृहस्थ त्या वेळी माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून प्रबंधाची पानं अशी चाळत असतात, जणू तो आजच हाती पडलाय.