दुर्बल घटक कोण?

गावात शिबिर झालं, की खुर्च्या जातात, मंडप जातो आणि मागं पुस्तिका राहतात. त्यातली एक माझ्या घरात आहे. कायद्यानं गरिबाला वकील मिळतो, तो कसा, हे सांगायला ती छापलेली. तिची भाषा वाचून मला राग आला, तो अजून गेलेला नाही. मी दहावी शिकलेला माणूस, साठीच्या पुढचा. मला जे तीनदा वाचावं लागलं, ते अंगठा देणाऱ्याला कसं पोचायचं?

पुस्तिकेतलं वाक्य साधारण असं होतं : ‘समाजातील दुर्बल घटकांमधील पात्र व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य विधी साहाय्य अनुज्ञेय राहील.’

आता हे वाक्य आमच्या पारावर आणा. विधी म्हटलं की आम्हाला दशक्रिया आठवते, नाहीतर लग्न. पात्र म्हणजे नदीचं. अनुज्ञेय हा शब्द गावात कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आणि दुर्बल घटक? सव्वा एकर रान एकटीनं कसणारी, पहाटे चारला उठून दोन म्हशींची धार काढणारी विधवा बाई स्वतःला दुर्बल का म्हणवून घेईल? ती पुढचं पान उलटेल. ते दुसऱ्या कुणासाठी आहे, असं तिला वाटेल. शब्दानंच तिला दारातून परत लावलं.

हे सगळं ज्या कायद्यासाठी, तो 1987 चा. अंमल सुरू झाला 1995 च्या नोव्हेंबरात. त्यात कोणाला वकील मिळतो, हे बारकाईनं दिलेलं आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीतला माणूस, पुरात-भूकंपात सापडलेला, आणखीही काही. ह्यांना उत्पन्नाची अट नाही. ह्या यादीत न बसणाऱ्याला मात्र उत्पन्न बघून वकील मिळतो. म्हणजे सावकाराच्या सुनेलासुद्धा हा हक्क आहे. ‘दुर्बल’ हा शब्द नुसता अवघड नाही, इथं तो चुकीचाही आहे.

पण सोपं करा म्हटलं की काही शिकलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात. एका वकीलसाहेबांनी मला कच्चा मजकूर दाखवला होता. ‘गरिबांना कोर्टात वकील फुकट मिळतो.’ वाक्य छोटं, शब्द सोपे. पण त्यातून सगळ्या बाया बाहेर राहिल्या, कारण ‘गरीब’ शब्द आला की आमची बाई आधी नवऱ्याचा सातबारा बघणार. शिवाय ‘फुकट’ ह्या शब्दाला गावात वास आहे. फुकटचं ते नासकं, अशी आमची समजूत. ‘पैसे लागत नाहीत, वकिलाची फी समिती भरते’ असं लिहिलं की विश्वास बसतो, कारण पैसे कोण देतं ते कळलं.

मी त्यांना म्हटलं, “साहेब, छोटं वाक्य म्हणजे कापलेलं वाक्य नव्हे. एका लांब वाक्यातल्या चार गोष्टी चार वाक्यांत सांगा. एकही टाकू नका.”

ते म्हणाले, “तात्या, मग अचूकपणा जातो. समितीला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तरच वकील मिळतो. हे कसं सोपं करणार?”

मुद्दा खरा होता. कायद्यात तशी अट आहेच, आणि ती लपवली तर माणूस कोर्टात जाऊन हात हलवत परत येईल आणि पुस्तिकेला शिव्या देईल. पण त्याला अवघड काय आहे? ‘समिती आधी तुमचं म्हणणं ऐकते. त्यात दम दिसला, तर वकील देते.’ अट तशीच राहिली. वकीलसाहेबांनी ‘दम’ खोडून ‘तथ्य’ केलं. चालेल. तथ्य हा शब्द आमच्यात आहे. ‘त्याच्या बोलण्यात काही तथ्य नाही’ असं म्हातारी माणसंही म्हणतात.

मग आम्ही महिलांचं पान असं लिहिलं :

‘तुम्ही महिला आहात? मग वकिलाची फी तुम्ही भरायची नाही. समिती भरते. घरचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात जा. “तालुका विधी सेवा समिती” अशी पाटी शोधा. विधी म्हणजे इथं कायदा. पाटी दिसली नाही, तर शिपायाला विचारा. लिहिता येत नाही? तोंडी सांगा. ते अर्ज भरतील. अर्ज वाचून दाखवायला सांगा. मगच अंगठा द्या. समिती तुमचं म्हणणं ऐकते. त्यात तथ्य दिसलं, तर वकील देते. त्या वकिलानं पैसे मागितले, तर देऊ नका. समितीला सांगा. जाणं जमत नसेल, तर 15100 ह्या नंबरवर फोन करा.’

‘विधी’ शब्द आम्ही ठेवला, हे बघा. तो काढून ‘कायदा मदत ऑफिस’ केलं असतं, तर वाचायला गोड, पण कोर्टात तशी पाटीच नाही. बाई आवारात फिरत राहिली असती. जे शब्द माणसाला पाटीवर, नोटिशीवर, शिक्क्यात भेटणार आहेत, ते पुस्तिकेत तसेच पाहिजेत आणि लगेच शेजारी त्यांचा अर्थ पाहिजे. नोटीस, तारीख, वकीलपत्र, फेरफार. शुद्ध मराठीच्या हौसेनं नोटिशीची ‘सूचना’ करणाऱ्याला मी हात जोडतो. सूचना शाळेतला गुरुजी देतो. नोटीस आली की पोटात गोळा येतो. महिला ह्या शब्दावरही वाद झाला. ‘बाई’ लिहा, असं मीच म्हणत होतो. बचत गटातल्या पोरी म्हणाल्या, महिलाच लिहा, आता तोच आमचा शब्द आहे. राहिला.

मजकूर सोपा झाला का, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं नसतं. आणि “समजलं का?” असं तर कधीच विचारू नये. आमच्याकडं त्याचं उत्तर ‘हो’ हेच असतं, साहेबाचा मान ठेवायचा म्हणून. पान मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “मावशी, उद्या सकाळी तुम्ही काय कराल? कुठं जाल? सोबत काय न्याल?” मावशी जिथं अडखळते, तिथं वाक्य मोडलेलं असतं.

पिठाच्या गिरणीवर आम्ही हे पान एका बाईला वाचून दाखवलं. भावांनी वडिलांच्या जमिनीत तिचं नाव लावू दिलेलं नाही. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, हे तिला ठाऊक होतं. तिनं सगळं ऐकलं. कोर्ट सांगितलं, पाटी सांगितली, अंगठ्याचंही सांगितलं. मग डबा डोक्यावर घेता घेता तिनं विचारलं, “पण मी तिथं गेले, हे भावाला कळंल का?”

आमच्या पानात ह्याचं उत्तर नव्हतं. जाडजूड पुस्तिकेतही नव्हतं, कारण हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्याला पडत नाही. माहेर तुटेल ह्या भीतीनं ज्या बाया हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, त्यांना सगळ्यात आधी हाच पडतो. वकीलसाहेबांनी उत्तर दिलं आणि आम्ही ते पानाच्या वरच्या बाजूला टाकलं : ‘नुसता सल्ला विचारलात, तर कोणाला नोटीस जात नाही. दावा लावलात, तर भावाला नोटीस जाते. दावा लावायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं.’

गिरणीवाल्यानं ते पान पिठाच्या हातानं भिंतीला चिकटवलं आहे. अक्षर बारीक पडलं, अशी त्याची तक्रार आहे.