घोरपडीचे काय करायचे?

मागच्या पावसाळ्यात नातीला घेऊन सिंहगडावर गेलो होतो. तानाजीच्या पुतळ्यापाशी तिने विचारले, "आजोबा, घोरपड खरी होती का?" तिच्या हातातल्या पुस्तकात घोरपडीचे मोठे रंगीत चित्र होते आणि त्याखाली ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख. चित्र आणि तारीख दोन्ही एकाच ठसक्यात! पोरीने शंका घ्यावी ती कशाची, हे पुस्तकाने तिला कळू दिलेच नव्हते.

रंजक इतिहासाविषयी माझी तक्रार आहे ती एवढीच. तो रंजक आहे ही तक्रार नव्हे. कंटाळवाणे असणे म्हणजे विश्वसनीय असणे, असा आपल्या काही अभ्यासकांचा समज दिसतो. तो मला कधीच पटला नाही.

आता ही घोरपड आली कुठून? तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. रायबाचे लग्न, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, कड्याला चिकटणारी यशवंत घोरपड, हे सारे तिथले. हा पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी गायला गेला आणि ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहातून तो वाचकांपुढे आला. गाणाऱ्याने मैफलीत काय वाढवले आणि मूळचे किती उरले, हे वेगळे काढणे अवघड असते.

उलट कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तिच्यात घोरपड नाही, लग्नही नाही. तानाजी पाचशे मावळे घेऊन गेला. त्यांतले निवडक गडी रात्री वानरांसारखे कडा चढले आणि मग बाकीच्यांना वर घेतले, असे सभासद सांगतो. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडले, तेव्हा भाऊ सूर्याजीने लोकांना सावरले आणि गड घेतला. मग पागेची खोपटी पेटवली, ती आग महाराजांनी राजगडावरून पाहिली. मला विचाराल तर अंधारात उघड्या हातांनी कडा चढणारी ती माणसे घोरपडीपेक्षा कितीतरी थरारक आहेत. प्राणी मध्ये आला की माणसाचे श्रम झाकले जातात.

सभासदही प्रसंगानंतर पाव शतकाने, बहुतांशी आठवणीतून लिहितो आहे, हे विसरू नये. म्हणून पाचशे हा आकडाही 'सभासद म्हणतो' एवढ्याच भरवशाचा. तारखेसाठी मात्र जेधे शकावली आहे. तिच्यात वर्णन जवळजवळ नाहीच, नुसत्या नोंदी. माघ वद्य नवमी तिथलीच. रुक्ष कागद बहुधा असेच उपयोगी पडतात.

आणि गडाचे नाव? तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण खुद्द महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव येते. गडावर फितुरीचा संशय होता, त्यासंबंधी ते पत्र आहे. म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या जवळजवळ सात वर्षे आधी नाव चालू होते. मग १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत घ्यावा लागला. नावाची गोष्ट इथे साफ कोसळते. घोरपडीच्या बाबतीत जुन्या साधनात उल्लेख नाही एवढेच म्हणता येते; नावाच्या बाबतीत उलट पुरावाच हातात आहे. चांगल्या लेखकाने हा फरक वाचकाला जाणवू द्यायला हवा.

त्यासाठी पानाच्या तळाशी टिपांची रांग लागतेच असे नाही. 'शाहीर सांगतो', 'सभासदाने लिहिले आहे', 'पत्रात आहे', हे दोन-तीन शब्द वाक्यातच बसतात आणि कथेचा वेग थांबत नाही. पुस्तक विकत घेताना मी एक करतो. ज्या प्रसंगाची साधने मला ठाऊक आहेत, ते पान आधी उघडतो. तानाजीच्या पानावर घोरपड निमूटपणे कडा चढत असेल, तर अफजलखानाच्या भेटीतले संवादही लेखकाने कुठून आणले, असा प्रश्न मला पडतो. दोघेच बोलत असताना त्यांचे शब्दन्‌शब्द लिहिलेले दिसले की माझा हात आखडतो. हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली ती कादंबरी म्हणून. त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते कादंबरीला इतिहासाचे पुठ्ठे चढवणाऱ्यांशी.

घोरपड हाकलूनच द्या, असेही मी म्हणत नाही. तानाजीला लोकांनी कसे आठवणीत ठेवले, याचा पोवाडा हा पुरावा आहे आणि तो पुस्तकात हवाच.

नातीला मी हे सगळे कड्यावर बसून सांगितले. पिठले-भाकरी येईपर्यंत ती ऐकत होती. मग खाली डोकावून म्हणाली, "म्हणजे ते हातांनीच चढले? रात्री?"