आजीच्या उशाशी

मुलांनो, सहावीतल्या एका मुलीने विचारलंय, "आजी आता डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडेच दिवस. आमच्या घरात आईचा धर्म वेगळा, बाबांचा वेगळा. मी आजीजवळ बसून कुठली प्रार्थना म्हणू?"

डोळे मिटलेल्या माणसाला ऐकू येत असेल का? कॅनडातल्या संशोधकांनी अशा काही रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. 2020 साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की शेवटच्या तासांतही काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता. शब्दांचा अर्थ कळतो की नाही, हे मात्र त्यातून ठरत नाही. तरी आपण ऐकू येतंय असंच धरावं. (मोठ्यांनो, खर्चाच्या गोष्टी खोलीबाहेर!)

कानाशी बसून आधी आपलं नाव सांगायचं. आजीचा हात आपल्या तळहातावर अलगद ठेवायचा. मग एक ओळ म्हणून थांबायचं, तिचा एक श्वास होऊ द्यायचा, मग पुढची.

आजी, मी तुझ्याजवळ आहे.
तू मला भरवलंस, माझ्या तापात रात्रभर जागलीस. ते माझ्याजवळ राहील.
माझं काही चुकलं असेल तर पोटात घाल.
सगळ्यांना सांभाळणाऱ्या, माझ्या आजीला जवळ घे. तिचं दुखणं उतरू दे. तिचा श्वास हलका होऊ दे.
आजी, आम्ही एकमेकांना सांभाळू. तू काळजी करू नकोस.
तुला जायचं असेल तेव्हा जा.

दुसऱ्या ओळीत तुमच्या आजीच्या किंवा आजोबांच्या खऱ्या आठवणी घाला. 'सांभाळणाऱ्या'च्या जागी आजी ज्याचं नाव घ्यायची ते घ्या. ती देव मानत नसेल, तर फक्त 'तुझं दुखणं उतरू दे, तुझा श्वास हलका होऊ दे' म्हणा. 'लवकर बरी हो' मी घातलं नाही, कारण ते आता होणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 'झोप' हा शब्दही टाळलाय. आजी झोपली आणि उठलीच नाही असं ऐकलं, की धाकटी भावंडं रात्री झोपायला घाबरतात. त्यांना 'आजी मरणार आहे' असंच, पण जवळ घेऊन सांगावं.

म्हणताना मध्येच श्वास काही सेकंद थांबेल, पुन्हा सुरू होईल. घशात घरघर होईल. ऐकायला भीती वाटते, पण आजीला बहुधा त्याचा त्रास जाणवत नसतो. ती कण्हत असेल, कपाळाला आठ्या पडत असतील, तर मात्र लगेच मोठ्यांना हाक मारा. चमच्याने पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरात गंगाजल द्यायची रीत असेल, तर कापसाचा ओला बोळा ओठांना लावला तरी पुरे.

रडू आलं तर ओळ तिथेच सोडा, नुसता हात धरून बसा. खोलीत जावंसं वाटत नसेल, तर दारातूनही म्हणता येतं. फक्त आवाज आजीपर्यंत पोचेल एवढा ठेवा.