कोहमाऱ्याच्या लॉजचा ब्लॉग गुगलवर का दिसत नाही?

नागपूर-रायपूर महामार्गावर कोहमारा लागते. इथून एक रस्ता गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधकडे. समजा, या चौकाजवळ पर्यटकांसाठी लॉज चालवणारी एक कंपनी आहे. तिच्या वेबसाइटवर ब्लॉग आहे आणि तो सांभाळायला तीन महिन्यांसाठी एक इंटर्न ठेवला आहे. पहिल्याच दिवशी त्याला सांगितले जाते, ‘महिन्याला वीस लेख टाक, प्रत्येकात कीवर्ड दहा-बारा वेळा आला पाहिजे.’

काम इथेच चुकते. एकच शब्द ओढूनताणून पुन्हा पुन्हा कोंबणे गुगलच्या नियमांत स्पॅम ठरते. आणि वीस नवे लेख लिहिण्याआधी जुन्या पाच लेखांकडे पाहणे कितीतरी फायद्याचे असते.

आधी स्वतःचीच नोंद पाहा

कीवर्ड शोधायचे म्हटले की बहुतेक जण गुगल अॅड्समधील कीवर्ड प्लॅनर उघडतात. मोठ्या शहरांसाठी ते ठीक आहे. पण ‘कोहमारा’सारख्या शब्दापुढे तिथे अनेकदा आकडाच नसतो, आणि इंटर्न समजतो की हे कोणी शोधतच नाही. प्रत्यक्षात लोक शोधतात, फक्त थोडे शोधतात. लॉजला तरी हजारो वाचक कुठे हवे आहेत? आठवड्याला चार खोल्या भरल्या तरी पुरे.

म्हणून सुरुवात गुगल सर्च कन्सोलपासून करावी. ते मोफत आहे. त्यात आपले पान कोणत्या शोधांत दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे कळते. फार दुर्मीळ शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात, त्यामुळे यादी अपुरीच असते. ती उणीव भरून काढायला लॉजच्या काउंटरवरचा माणूस उपयोगी पडतो. दिवसभर फोनवर लोक काय विचारतात, ते त्याच्याकडून आठवडाभर वहीत लिहून घ्यावे. या वहीइतकी चांगली कीवर्डची यादी विकतही मिळत नाही.

एक लेख, प्रत्यक्षात

ब्लॉगवर ‘निसर्गाच्या कुशीत दोन दिवस’ असा लेख आहे. समजा, सर्च कन्सोलमध्ये तो तीन महिन्यांत 1,200 वेळा दिसला, क्लिक मात्र 6 आणि सरासरी क्रमांक 14. म्हणजे गुगल लेख ओळखतो, पण बहुतेकदा पहिल्या दहा निकालांबाहेर ठेवतो.

आता या पानापुरते शोधशब्द पाहावेत. त्यात ‘nagzira safari booking’ आहे, ‘navegaon bandh stay’ आहे आणि ‘नवेगावबांध राहण्याची सोय’ही आहे. पहिल्या शब्दाचा मोह सोडावा. सफारीचे बुकिंग करू पाहणाऱ्याला अधिकृत बुकिंगचे पान हवे असते, लॉजचा लेख नव्हे. उरलेले दोन शब्द लॉजचेच आहेत. लोक रोमन लिपीत आणि देवनागरीतही शोधतात, ‘नवेगावबांध’ आणि ‘नवेगाव बांध’ असे दोन्ही लिहितात. प्रत्येक रूपासाठी वेगळा लेख काढू नये. तसे केले तर आपलीच पाने एकमेकांशी भांडतात. एकाच लेखात ही रूपे सहज येतील तिथे येऊ द्यावीत.

मग शीर्षक बदलावे:

```
<title>नवेगावबांध (Navegaon Bandh) येथे राहण्याची सोय</title>
```

पानावर दिसणारे मुख्य शीर्षकही याच अर्थाचे हवे. पहिल्या परिच्छेदातले पहाटेच्या धुक्याचे वर्णन खाली न्यावे आणि वर थेट उत्तर द्यावे: खोल्या कुठे आहेत, भाडे किती, बस कुठे थांबते. ‘IMG_2041’ नावाच्या फोटोला ‘नवेगावबांध तलावाचा काठ’ असा पर्यायी मजकूर द्यावा. ब्लॉगवरच्या नागझिऱ्याच्या लेखातून या लेखाकडे दुवा द्यावा.

मेटा वर्णन दोन ओळींत लिहावे. त्याने क्रमांक वाढत नाही, पण क्लिक वाढू शकतात. अर्थात गुगल कधीकधी ते बाजूला ठेवून स्वतःचाच उतारा दाखवतो. ‘मेटा कीवर्ड’ हा रकाना मात्र रिकामा सोडला तरी चालतो. क्रमांक ठरवताना तो आपण पाहत नाही, असे गुगलने 2009 मध्येच सांगितले आहे. तरी अजूनही तो भरून घेणारे साहेब भेटतात!

या सगळ्यात पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, बदलू नये. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण दिले नाही, तर जुना दुवा उघडणाऱ्याला ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते.

फरक पडला का, कसे कळणार?

बदल केल्याची तारीख लिहून ठेवावी आणि काही आठवडे थांबावे. रोज आकडे पाहून पुन्हा शीर्षक बदलले, तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. इथे आणखी एक फसगत होते. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते, तेव्हा शोधही कमी होतात. मे महिन्यात केलेल्या बदलाची जुलैच्या आकड्यांशी तुलना केली, तर चांगले काम वाया गेल्यासारखे दिसेल. ऑक्टोबरमध्ये उलट, काहीच न करता शाबासकी मिळेल. सर्च कन्सोल 16 महिन्यांचे आकडे ठेवते, त्यामुळे यंदाचा जुलै गेल्या वर्षीच्या जुलैशी ताडून पाहता येतो. त्यातही आधी क्रमांक पाहावा, मग क्लिक.