कडक साहेबांचा वाढदिवस

साहेब कडक असले की त्यांचा वाढदिवस हाताखालच्या माणसांना जड जातो. शुभेच्छा द्याव्यात तर सहकारी म्हणणार, ‘लोणी लावणं चाललंय’. न द्याव्यात तर शिष्टपणा दिसतो. मग बरेच जण मोबाइलवर आलेले गुलाबांचे तयार चित्र तसेच पुढे ढकलतात. त्यात ना आदर असतो, ना ओलावा. साहेबांनाही सकाळपासून तोच गुलाब पाच जणांकडून आलेला असतो.

खरे तर हाताने लिहिलेल्या चार ओळी पुरतात. त्या लिहिताना पाय कुठे घसरतो, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. वडोदऱ्यातील एखाद्या खासगी कंपनीच्या हिशेब विभागातली मराठी लेखापाल डोळ्यांपुढे आणा. तिचे साहेबही मराठीच. कामकाज इंग्रजीत आणि गुजरातीत चालते. साहेब पावतीशिवाय व्हाउचर पुढे सरकू देत नाहीत आणि चूक दिसली की तांबड्या शाईत फक्त ‘पुन्हा पाहा’ एवढेच लिहितात. कौतुकाचा शब्द तिने गेल्या चार वर्षांत ऐकलेला नाही. तरीही तिला या माणसाविषयी मनापासून आदर आहे आणि तो वाढदिवसाला कळवावा असे वाटते.

तिचा पहिला मजकूर असा उतरतो: ‘आपल्यासारखे कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, थोर मार्गदर्शक लाभले हे माझे परमभाग्य!’ यात खोटे काहीच नाही, पण चौकातल्या फलकावर पुढाऱ्यांच्या छायाचित्राखाली जे छापले जाते तेच हे. हा कागद कंपनीतल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या नावे पाठवता येईल. खुशामतीचा वास येतो तो इथेच. विशेषण वापरायला माणूस ओळखावा लागत नाही, आणि कडक स्वभावाच्या माणसाला हे सर्वांत आधी कळते. जो पावतीशिवाय खर्च मानत नाही, तो पुराव्याशिवाय स्तुती तरी कशी मानेल?

ते फाडून ती दुसरा प्रयत्न करते: ‘सर, आपण फणसासारखे आहात, बाहेरून काटेरी पण आतून गोड!’ ही उपमा मराठी माणसाला इतकी सवयीची आहे की तिच्यातला खोडसाळपणा ध्यानात येत नाही. एक तर यात धाकटा माणूस थोरल्याच्या स्वभावाला गुण देतो. शिवाय तुमचा कडकपणा हा दोष आहे, पण आम्ही तो पोटात घातला आहे, असाही अर्थ त्यातून निघतो. ज्या शिस्तीसाठी साहेब वर्षानुवर्षे वाईटपणा घेत आले, तिलाच काटे म्हटले गेले. घरच्या मंडळींनी किंवा बरोबरीच्या मित्राने ही थट्टा करावी. हाताखालच्या माणसाने करू नये.

मग लिहायचे काय? साहेब कसे आहेत हे सोडून द्यावे आणि त्यांनी काय केले तेवढे लिहावे. त्यासाठी एकच प्रसंग आठवावा, ज्यात त्यांच्या कडकपणाचा लिहिणाऱ्याला स्वतःला उपयोग झाला.

आपल्या लेखापाल बाईंना मार्च महिना आठवतो. एका पुरवठादाराचे बिल साहेबांनी तीनदा परत पाठवले होते. तिसऱ्या वेळी चिडून तिने जुनी खातेवही उघडली, तेव्हा उलगडा झाला. तेच बिल महिनाभर आधी चुकते झाले होते. एकदा त्याचा क्रमांक ०४५७ असा नोंदला गेला होता आणि दुसऱ्यांदा नुसता ४५७. संगणकाने ती दोन वेगळी बिले मानली. पैसे दुसऱ्यांदा गेले असते तर लेखापरीक्षकांपुढे उत्तर तिलाच द्यावे लागले असते. साहेब त्यावर अवाक्षर बोलले नव्हते.

आता मजकूर आपोआप सुचतो:

‘आदरणीय सर, स. न. वि. वि. मार्चमध्ये आपण एक बिल तीनदा परत पाठवलेत. तेव्हा मला राग आला होता. पण त्यामुळेच दुबार नोंद सापडली, आणि तेव्हापासून मी प्रत्येक बिलाचा क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहते. ही सवय आपल्यामुळे लागली. वाढदिवसानिमित्त आपणांस मनापासून शुभेच्छा. आपणांस उत्तम आरोग्य लाभो, ही प्रार्थना. आपली नम्र,’ आणि खाली सही.

यात स्तुतीचा एकही शब्द नाही. ‘राग आला होता’ हे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. खुशामत करणारा माणूस असे वाक्य कधी लिहीत नाही, म्हणून पुढच्या ओळींवर विश्वास बसतो. मात्र असे वाक्य एकच असावे आणि ते मिटलेल्या रागाविषयी असावे. राग अजून धुमसत असेल तर ते तक्रारीसारखे वाचले जाईल.

शब्दांच्या काही बारकाव्यांकडेही लक्ष हवे. आपल्याकडे आशीर्वाद थोरल्याकडून धाकट्याकडे येतो. त्यामुळे ‘शतायुषी व्हा’ असे वरिष्ठांना लिहिले तर कानाला खटकते. ‘आरोग्य लाभो, ही प्रार्थना’ म्हटले की इच्छा तीच राहते आणि पायरी सुटत नाही. ‘आपण’ने सुरुवात केली तर शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवावे. मध्येच ‘तुमच्यामुळे’ आले की दोन ठिकाणचा मजकूर जोडल्यासारखा वाटतो. ‘आपला आज्ञाधारक’ हे रजेच्या अर्जाला ठीक, इथे नको. आणि साहेबांनी कितवे वर्ष पूर्ण केले, याचा उल्लेख टाळलेला बरा. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला तो आकडा सुखाचा नसतो.

साहेब मराठी नसतील तर रोज ज्या भाषेत त्यांच्याशी बोलणे होते त्याच भाषेत लिहावे. प्रसंग खरा असला की भाषा साधी असली तरी चालते.

हे कार्ड सर्वांसमोर देऊ नये आणि कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच टाकू नये. गटावर सर्वांसारखे एक साधे वाक्य पुरे. तिथे कोणी लांबलचक लिहिले की इतरांना त्याहून लांब लिहावेसे वाटते आणि साहेबांची पंचाईत होते. सकाळी टपालाच्या फायली आत जातात तेव्हा बंद पाकिटात ते द्यावे, ‘सर, वाढदिवसाच्या शुभेच्छा’ म्हणावे आणि बाहेर यावे. रजेचा, बदलीचा किंवा पगारवाढीचा विषय त्या दिवशी काढू नये. वाढदिवस नेमका पगारवाढीच्या किंवा गोपनीय अहवालाच्या दिवसांत येत असेल, तर मजकूर आणखी दोन ओळींनी कमी करावा. भेटवस्तूचा मोह तर नकोच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत भेटी स्वीकारण्यावर आणि सन्मानाच्या समारंभांवर बंधने आहेत. खासगी नोकरीत नियम वेगळे असतील, पण महागडी वस्तू तिथेही साहेबांना अडचणीतच टाकते.

पाकीट बंद करण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. साहेबांची उद्या दुसरीकडे बदली झाली आणि त्यांच्या हातात आपले काहीच उरले नाही, असे समजून मजकूर पुन्हा वाचावा. जे वाक्य तेव्हा लिहिले नसते, ते खोडावे.

उत्तराची फार वाट पाहू नये. अशा साहेबांकडून बहुधा नुसते ‘धन्यवाद’ येते. कधी तेही येत नाही आणि दुपारी एखादे व्हाउचर ‘पुन्हा पाहा’ असा शेरा घेऊन परत येते. ते मुकाट्याने पुन्हा पाहावे.