"मी असं म्हणालोच नाही!"

पोस्ट मोठी आहे. पण घराघरातलं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नवरा-बायकोच्या भांडणात आपल्याकडे एक ठरलेला सल्ला असतो. "टाळी एका हाताने वाजत नाही. झालं गेलं विसरून जा." मी तालुक्याच्या गावी समुपदेशनाचं काम करते आणि मला या सल्ल्याची आता चीड येते. कारण समोर बसलेल्या बाईची तक्रारच ही असते की तिला विसरायला लावलं जातंय.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवऱ्याने बायकोच्या अडीच तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवायला मागितल्या. "जूनमध्ये सोडवून देतो," म्हणाला. जून आला, तिने विचारलं. पहिलं उत्तर, "जूनमध्ये असं मी म्हणालोच नाही." आठवड्याने, "तूच म्हणालीस ना, गहाण ठेवा म्हणून?" मग, "तुला हल्ली काही लक्षात राहत नाही." आणि दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

पायऱ्या नीट बघा. आधी शब्द नाकारला, मग तो तिच्या तोंडी घातला, मग तिची स्मरणशक्ती काढली, शेवटी तिचं डोकं. पाटल्यांचा विषय कधीच मागे पडला. माझ्यासमोर बसून ती बाई मला विचारत होती, "ताई, मला खरंच वेड लागलंय का हो?"

वेड लागलेलं नसतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दरवेळी आठवताना ती थोडी नव्याने जुळवली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली दाखवून दिलं, की अपघाताची तीच फिल्म बघितलेल्या माणसांना प्रश्नात "धडकल्या"ऐवजी "चक्काचूर झाला" असा शब्द वापरला, तर गाड्यांचा वेगच जास्त आठवतो. एका शब्दाने एवढं होत असेल, तर ज्याच्यावर विश्वास आहे, ज्याच्याबरोबर रोज जेवायचं आहे, तो माणूस महिनोन्महिने तेच ठासून सांगत राहिला तर काय होईल? शिवाय भांडण मिटवायचं असतं. "माझंच चुकलं असेल" म्हटलं की रात्र शांत जाते. असं शंभरदा म्हटलं की ते खरंच वाटायला लागतं.

आता कुणी म्हणेल, नवरेही विसरतात. विसरतात ना! पण विसरभोळा माणूस स्वतःच्या फायद्याचंही विसरतो, आणि चिठ्ठी दाखवली की "असेल बुवा" म्हणतो. नाकारणाऱ्याचं विसरणं मात्र नेहमी एकाच बाजूला पडतं. त्याला लिहिलेलं दाखवलं, तर तो मजकुरावर बोलत नाही. "माझ्यावर पाळत ठेवतेस?" इथून नवं भांडण सुरू होतं. एका भांडणावरून हे ठरवू नका, सहा महिन्यांचा कल बघा.

यात कायद्याचा संबंध काय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे, आणि स्त्रीधन अडकवून ठेवणं हा आर्थिक छळ आहे. पण संरक्षण अधिकारी जो घटनेचा अहवाल भरतात, त्यात हिंसेच्या प्रत्येक घटनेची तारीख, ठिकाण, वेळ विचारलेली असते. जिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच मोडलाय, ती हा रकाना काय भरणार? आणि आपण तिला सांगतो, विसरून जा!

म्हणून माझं म्हणणं उलट आहे. विसरू नका, लिहा. भांडण झालं त्याच रात्री तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि दोघांचे शब्द जसेच्या तसे. "मला अपमान वाटला" हे वेगळ्या ओळीत, कारण काय झालं आणि काय वाटलं या दोन गोष्टी आहेत. नंतर खाडाखोड करू नका. वही माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा, दोघं वापरता त्या फोनमध्ये नको. मारहाणीची भीती असेल तर ती भांडणात कधीच बाहेर काढू नका, आधी १८१ वर फोन करा. ही वही म्हणजे कोर्टातला शेवटचा पुरावा नाही, तिच्यातही चूक असू शकते. पण दोन महिन्यांनी "असं झालंच नव्हतं" ऐकू आलं की ती उघडून बघता येते.

हे पुरुषांच्या वाट्यालाही येतं. हा कायदा त्यांना लागू नाही, पण वही त्यांनाही लागू आहे.

आणि मध्यस्थी करणाऱ्या काका-मामांना, सरपंचांना एक विनंती. पुढच्या बैठकीत "दोघांनी समजून घ्या" म्हणण्याआधी एवढंच विचारा: पाटल्या कुठे आहेत? कधी सोडवणार? ते कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. सही केल्यावर "म्हणालोच नाही" म्हणणं जरा अवघड जातं.